6´1024 किलो वजनाची पृथ्वी: वर्कशीटमधली समीकरणं का बिघडतात

दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावरचं एक वर्कशीट घ्या. शिक्षकांच्या संगणकावर ते नीट दिसत होतं. अपलोड झाल्यावर मुलांच्या मोबाइलवर मात्र असं दिसतं:

```
vesc=2GMR
G = 6.67´10-11,  M = 6´1024 kg,  R = 6.4´106 m
```

मुक्तिवेगाच्या सूत्रातलं वर्गमूळ गेलं, अपूर्णांकाची रेघ गेली, गुणाकाराच्या फुलीचा तिरका टिंब झाला आणि दहाचे घात खाली उतरून दहाला चिकटले. काही फोनवर टिंबाच्या जागी रिकामा चौकोन येतो. हे सगळे बिघाड एकाच कारणाने होतात असं वाटतं, पण तसं नाही. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकावर गणित साठवायच्या तीन वेगवेगळ्या पद्धती आल्या आणि प्रत्येकीची मोडण्याची तऱ्हा वेगळी आहे. कशाचं काय झालंय हे पाहून मूळ पद्धत ओळखता येते, आणि ती ओळखली की अर्थ परत कुठे शोधायचा तेही कळतं.

पहिली पद्धत फॉन्टची. प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड पद्धत सर्रास वापरात येण्याआधी एका फॉन्टमध्ये जेमतेम दोनशे-सव्वादोनशे चिन्हांना जागा असे. मग ग्रीक अक्षरं आणि गणिती चिन्हं यांच्यासाठी ‘सिम्बॉल’ नावाचा वेगळा फॉन्ट केला गेला. त्यात इंग्रजी a च्या जागेवर α बसवला, l वर λ, D वर Δ, m वर μ, W वर Ω. गुणाकाराची फुली ´ या चिन्हाच्या जागी गेली, अभिक्रियेचा बाण ® च्या जागी, वर्गमूळ Ö च्या जागी. फाइलमध्ये W च असायचा, फॉन्ट मात्र डोळ्यांना ओहम दाखवायचा. मराठी वाचकाला हे नवं नाही. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी प्रश्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की जो इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, त्यामागचं कारण हेच आहे. देवनागरीही त्या काळी अशीच इंग्रजीच्या जागांवर बसवलेली होती.

वर्डने यात आणखी एक पायरी घातली. ‘सिम्बॉल’मधलं चिन्ह ‘इन्सर्ट’मधून घातलं तर फाइलमध्ये साधारण असं लिहिलं जातं:

```
<w:sym w:font="Symbol" w:char="F06C"/>
```

F06C हा युनिकोडमधल्या खासगी वापराच्या पट्ट्यातला क्रमांक आहे. तिथे कोणतं अक्षर बसेल हे युनिकोडने ठरवलेलं नाही, ज्याने त्याने आपापलं ठरवायचं. आता अपलोड झालेली फाइल वाचणारा प्रोग्रॅम तीनपैकी एक काहीतरी करतो. हा क्रमांक जसाच्या तसा पुढे पाठवला तर मोबाइलच्या फॉन्टकडे त्याचं चित्र नसतं, म्हणून चौकोन येतो. शेवटचे दोन अंक 6C घेतले तर l दिसतो. आणि फक्त मजकुराचे तुकडे गोळा केले तर चिन्ह मुकाट्याने गायब होतं.

या तिन्हींत चौकोन सगळ्यात प्रामाणिक, असं माझं मत आहे. तो निदान काहीतरी हरवलं आहे हे सांगतो. खरा धोका अर्थ लागणाऱ्या अक्षराचा. ‘5 Ω चा रोध’ हा ‘5 W चा रोध’ झाला की मुलं त्याला वॅट समजतात आणि शक्तीचं सूत्र लावत बसतात. ‘5 μA’ चं ‘5 mA’ झालं तर वाक्य निर्दोष दिसतं, उत्तर मात्र हजारपटीने चुकतं. असे बिघाड नुसती नजर फिरवून सापडत नाहीत. राशी आणि एकक जुळतात का, हे प्रत्येक ठिकाणी पाहावं लागतं. रोधाच्या पुढे W दिसला की तो ओहमच. तरंगलांबी म्हणून l = 6´10-7 m असं असेल तर l हा λ, ´ ही फुली, आणि −7 हा घात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण 4×10⁻⁷ ते 7×10⁻⁷ मीटर असते, त्यामुळे हे वाचन बरोबर आहे याची खात्रीही होते.

दुसरी पद्धत समीकरण वस्तू म्हणून चिकटवायची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून वर्डसोबत ‘इक्वेशन एडिटर’ येत असे. समीकरणं लिहायचा मॅथटाइप हा प्रोग्रॅम बनवणाऱ्या डिझाइन सायन्स कंपनीनेच तो तयार केला होता. त्यात बनवलेलं समीकरण पानात दोन रूपांत राहतं: एक बंदिस्त वस्तू, जिच्यात सूत्राची खरी रचना असते, आणि तिचं पानावर दिसणारं चित्र, बहुधा WMF या विंडोजच्या जुन्या स्वरूपातलं. ब्राउझरला WMF दाखवता येत नाही. म्हणून अपलोडनंतर मजकूर ठीक दिसतो आणि सूत्राच्या जागी रिकामी चौकट किंवा कोरी जागा येते. अक्षराएवढा चौकोन असेल तर फॉन्टचा प्रश्न, सूत्राएवढी चौकट असेल तर या वस्तूचा, असा हा फरक आहे.

या एडिटरचा शेवट जरा नाट्यमय झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच्या EQNEDT32.EXE या प्रोग्रॅममधली गंभीर सुरक्षा-त्रुटी जाहीर झाली. तो प्रोग्रॅम २००० साली तयार केलेला होता आणि तेव्हापासून तसाच चालत आला होता. मायक्रोसॉफ्टने आधी त्याला ठिगळ लावलं, मग आणखी एक त्रुटी निघाल्यावर जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये तो ऑफिसमधून काढूनच टाकला. जुनी समीकरणं वर्डमध्ये दिसत राहिली, कारण चित्र शाबूत होतं. पण त्यांच्यावर डबल क्लिक केल्यावर पूर्वीसारखं काही उघडेना. अनेक शिक्षकांचे वर्षानुवर्षं जपलेले प्रश्नसंच अशा रीतीने एका अपडेटमध्ये ‘फक्त बघण्यापुरते’ उरले.

इथे अर्थ परत मिळवणं त्यामानाने सोपं आहे, कारण रचना फाइलमध्ये अजून असते. .docx ही खरं तर झिप फाइल आहे. तिच्या प्रतीचं नाव बदलून शेवटी .zip केलं की आतली फोल्डरं उघडता येतात. word/embeddings मध्ये oleObject1.bin अशा नावाच्या वस्तू सापडतात आणि word/media मध्ये त्यांची .wmf चित्रं. नुसतं वाचायचं असेल तर चित्र लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये उघडावं. दुरुस्त करायचं असेल तर अख्खी फाइल लिब्रेऑफिस रायटरमध्ये उघडावी. तो अशा वस्तूंचं आपल्या ‘मॅथ’ सूत्रांत रूपांतर करू शकतो, मात्र सेटिंगमध्ये मॅथटाइपच्या रूपांतराची खूण चालू हवी. नव्या वर्डच्या काही आवृत्त्याही जुन्या समीकरणाला नव्या स्वरूपात बदलायची सोय देतात. रूपांतरात घात-पादांक क्वचित घसरतात, म्हणून चित्र शेजारी ठेवून ताडून पाहावं.

तिसरी पद्धत २००७ च्या वर्डबरोबर आली. समीकरण आता झाडासारख्या रचनेत लिहिलं जाऊ लागलं: आधी वर्गमूळ, त्याच्या आत अपूर्णांक, त्याच्या आत अंश आणि छेद. मुक्तिवेगाच्या सूत्राचा गाभा फाइलमध्ये असा दिसतो (सजावटीच्या खुणा गाळून):

```
<m:rad><m:deg/><m:e>
  <m:f>
    <m:num><m:r><m:t>2GM</m:t></m:r></m:num>
    <m:den><m:r><m:t>R</m:t></m:r></m:den>
  </m:f>
</m:e></m:rad>
```

ही पद्धत पहिल्या दोन्हींपेक्षा कितीतरी शहाणी. पण अपलोड करणारा प्रोग्रॅम m:t मधला मजकूर तेवढा उचलतो आणि बाकीच्या खुणा टाकून देतो, तेव्हा उरतं 2GMR. भिंगाचं सूत्र याच वाटेने 1v-1u=1f होतं. मूळ फाइल हाताशी असेल तर झिप उघडून word/document.xml मध्ये m:rad म्हणजे मूळ, m:f म्हणजे अपूर्णांक, m:sSup म्हणजे घात, m:sSub म्हणजे पादांक एवढं ओळखता आलं तरी सूत्र पुन्हा उभं करता येतं.

या काळातला एक चौकोन वेगळा आहे. वर्डमधून किंवा पीडीएफमधून समीकरण साधा मजकूर म्हणून कॉपी केलं की तिरकी अक्षरं नेहमीच्या m, g च्या ऐवजी युनिकोडच्या खास गणिती अक्षरांत येतात. ही अक्षरं २००१ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि U+1D400 पासून पुढे बसली. जुन्या फोनच्या फॉन्टमध्ये ती नसतात, आणि चार बाइटची अक्षरं न पेलणाऱ्या डेटाबेसमध्ये त्यांची प्रश्नचिन्हं होतात. गंमत h ची. तिरकं h प्लँकच्या स्थिरांकासाठी आधीच U+210E वर होतं, म्हणून नव्या रांगेत त्याची जागा मोकळीच ठेवली. त्यामुळे स्थितिज ऊर्जेचं mgh काही फोनवर ‘□□h’ असं दिसतं. फक्त h वाचलेलं दिसलं, तर रोग हाच.

आता मूळ फाइल नाही, हातात फक्त वरचा बिघडलेला मजकूर आहे असं समजू. 6´1024 kg मधला 1024 संख्या म्हणून घेतला तर पृथ्वी सहा टनांची होते, म्हणून तो 10²⁴. तसाच 106 म्हणजे 10⁶, कारण पृथ्वीची त्रिज्या सहाशे-सातशे मीटर असू शकत नाही. 10-11 मध्ये वजाबाकी नसून ऋण घात आहे. मग 2GMR चं काय? GM ला R ने भागलं की एकक येतं m²/s². वेगाला हवं m/s. म्हणजे R छेदात आणि सगळ्यावर वर्गमूळ. आकडे घालून पाहिले तर 2GM = 8.004×10¹⁴, त्याला 6.4×10⁶ ने भागून सुमारे 1.25×10⁸, आणि त्याचं वर्गमूळ सुमारे 1.118×10⁴ m/s, म्हणजेच ओळखीचा 11.2 km/s. 2GMR तसाच ठेवला असता तर एककही बसलं नसतं आणि उत्तरही.

एककांची ही युक्ती संख्यात्मक गुणकांना मात्र कामाची नाही. अंशातला 2 कुठून आला, ½ हरवला का, हे ती सांगत नाही. तिथे पाठ्यपुस्तकातलं सूत्रच उघडावं लागतं. बहुपर्यायी प्रश्नात तर त्याचंही चालत नाही. समजा, मुक्तिवेगाचं सूत्र ओळखा असा प्रश्न आहे आणि पर्याय आहेत √(2GM/R), 2GM/R, √(2GMR) आणि 2GMR. सपाट झाल्यावर चारही पर्याय अक्षरशः एकसारखे दिसतात: 2GMR. बरोबर उत्तर एककांवरून काढता येईल, पण ते अ, ब, क, ड पैकी कोणत्या जागी होतं आणि बाकीच्या तीन पर्यायांत काय होतं, हे त्या मजकुरातून निघणार नाही. त्यासाठी शिक्षकांकडून मूळ .docx किंवा फॉन्ट आत बसवलेला पीडीएफच मागवावा लागतो.