कर्ज-ठराव, संचालक मंडळाचा

बँकेकडून कर्ज घेण्यास कंपनीच्या संचालक मंडळाने सभेत दिलेली संमती. कर्जाची कमाल मर्यादा, द्यावयाचे तारण, सही करणारे अधिकारी आणि अंतिम अटी ठरवण्याचा अधिकार कोणाकडे, या चार गोष्टी त्यात येतात. ‘कंपनी अधिनियम, २०१३’च्या कलम १७९(३) नुसार हा अधिकार मंडळाच्या सभेतच वापरता येतो, कागद फिरवून संचालकांच्या सह्या घेतल्या तर तो ठराव या कामी चालत नाही. बँकेशी केलेली मूळ व्यवस्था म्हणजे कर्ज घेणे, असे याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. त्यामुळे कॅश क्रेडिट खात्यातून रोज काढलेल्या रकमेसाठी वेगळा ठराव लागत नाही.

अंतिम अटींचा अधिकार सोपवताना मर्यादेचा आकडा घालणे सक्तीचे आहे काय, याविषयी दोन मते आढळतात. १९५६ च्या अधिनियमातील कलम २९२(३) मध्ये उत्तर सरळ होते: अधिकार मिळालेल्या व्यक्तीला एका वेळी एकूण किती रकमेपर्यंत कर्ज बाकी ठेवता येईल, ते ठरावात लिहिलेच पाहिजे. २०१३ च्या कायद्यात हे वाक्य नाही. मंडळाला कर्ज घेण्याचा अधिकार समिती, व्यवस्थापकीय संचालक, व्यवस्थापक किंवा अन्य प्रमुख अधिकारी यांच्याकडे ‘मंडळ ठरवील त्या अटींवर’ सोपवता येतो, एवढेच तेथे म्हटले आहे. आकडा आता ऐच्छिक झाला, असे एक मत यावरून निघते. दुसऱ्या मताप्रमाणे मर्यादाच नसेल तर अधिकार सोपवला असे न होता सोडून दिला असे होते. प्रस्तुत नोंदीस दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण कलम १८० खालची एकूण कर्जाची बेरीज आकड्यावाचून करता येत नाही.

ही बेरीज नेमकी कोठे चुकते, हे नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक क्षेत्रातील एका कल्पित सार्वजनिक मर्यादित कंपनीवरून पाहता येईल. तिचे भरणा भांडवल २ कोटी, मुक्त राखीव निधी २.५ कोटी आणि रोखे अधिमूल्य ०.५ कोटी, म्हणजे एकूण ५ कोटी रुपये आहे. कलम १८०(१)(ग) प्रमाणे एकूण कर्ज या रकमेपलीकडे जाणार असेल तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो. मात्र बँकेने नेहमीच्या व्यवहारात दिलेली तात्पुरती कर्जे या हिशोबात धरत नाहीत. कंपनीचे जुने मुदत कर्ज १.५ कोटी आहे. मंडळ आता ३ कोटींचे नवे मुदत कर्ज आणि ४ कोटींचे कॅश क्रेडिट, असे ७ कोटी मंजूर करते. कॅश क्रेडिट तात्पुरत्या कर्जात मोडते, म्हणून बेरीज ४.५ कोटी होते आणि मंडळाचा ठराव पुरतो.

पुढे बँकेचे मंजुरीपत्र येते. त्यात कॅश क्रेडिट २.५ कोटी आणि यंत्रांसाठीचे मुदत कर्ज ४.५ कोटी असते. एकूण आकडा ७ कोटीच राहतो आणि ‘अंतिम अटी स्वीकारण्याचा अधिकार’ हातात असलेले व्यवस्थापकीय संचालक सही करतात. पण भांडवली खर्चासाठीचे कर्ज तात्पुरते धरले जात नाही. आता बेरीज ६ कोटी झाली आणि विशेष ठराव हवा होता. मर्यादेबाहेरचे असे कर्ज, आपण सद्भावनेने आणि अतिक्रमणाची माहिती नसताना ते दिले हे बँकेने सिद्ध केल्याखेरीज, कंपनीविरुद्ध वैध ठरत नाही, असे कलम १८०(५) म्हणते. एकाच ओळीतल्या ‘७ कोटी’ने हे झाकले जाते. ठरावात मुदत कर्ज आणि कॅश क्रेडिट यांच्या मर्यादा वेगळ्या लिहून, एकातून दुसऱ्यात रक्कम वळवायची झाल्यास विषय पुन्हा मंडळापुढे आणावा, असे म्हटले की हा धोका टळतो. व्याजदर, हप्त्यांच्या तारखा आणि दस्तऐवजांचा मसुदा खुशाल सोपवता येतो.

खासगी कंपन्यांना ५ जून २०१५ च्या अधिसूचनेने कलम १८० मधून सूट मिळाली. वित्तीय विवरणे व वार्षिक विवरण दाखल करण्यात कसूर नसावी, ही अट २०१७ मध्ये आली. सभेतल्या मंडळ-ठरावाची गरज त्यांनाही आहेच.

ठरावातले तारणाचे कलम बुटीबोरी वा हिंगण्यात जपून लिहावे लागते. तेथील एमआयडीसीचा भूखंड सामान्यतः ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, त्यामुळे गहाण पडतात ते भाडेपट्ट्याचे हक्क आणि त्यावरचे बांधकाम. ‘कंपनीच्या मालकीची जमीन’ असे लिहिलेला ठराव भाडेपट्ट्याशी जुळत नाही. गहाणासाठी एमआयडीसीची संमती घ्यावी लागते, म्हणून तसा अर्ज करण्याचा अधिकारही नावानिशी द्यावा. दस्तऐवज बँकेत जमा करून गहाण करायचे असेल, तर ते कोणी नेऊन द्यायचे हे ठरावात असावे. माल आणि येणे रकमा यांवर नजरगहाण, म्हणजे ताबा न देता तारण, होते. प्रभाराची, म्हणजे तारणावरील बँकेच्या हक्काची, नोंद कंपनी निबंधकाकडे सामान्यतः ३० दिवसांत करावी लागते.