भाडेकरूची पोलीस ठाण्याला माहिती (ठाणे व नवी मुंबई)

घर, सदनिका किंवा खोली भाड्याने देताना घरमालकाने भाडेकरूची माहिती, त्याच्या ओळखपत्रांच्या प्रती आणि भाडेकरार हद्दीतल्या पोलीस ठाण्याला लेखी कळवणे. बोलण्यात याला सरसकट ‘पोलीस व्हेरिफिकेशन’ किंवा ‘पोलीस एनओसी’ म्हणतात. दोन्ही नावे दिशाभूल करणारी आहेत. घरमालक फक्त कळवतो. पडताळणी करायची की नाही आणि किती खोलात, हे पोलीस ठरवतात. अर्ज घेतला म्हणजे पोलिसांनी त्या माणसाला चांगल्या वर्तनाचा दाखला दिला असे होत नाही. ठाणे अंमलदाराकडे ‘एनओसी द्या’ म्हणून अडून बसणाऱ्याला म्हणूनच रिकाम्या हाताने परतावे लागते. तिथे मिळते ती पोच, आणि घरमालकाला हवी असते तीही तेवढीच.

कायद्याचा आधार

ही सक्ती पोलीस आयुक्तालयातून निघणाऱ्या मनाई आदेशातून येते. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत असे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. असा आदेश एका वेळी दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा काढावा लागतो आणि त्यातली मुदत, शब्दरचना व कुणाकुणाला लागू हे बदलू शकते. शेजाऱ्याने गेल्या वर्षी काय केले त्यावर न जाता चालू आदेश वाचावा. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ (जुने भादंवि १८८) लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि जिवाला वा आरोग्याला धोका निर्माण झाल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. गुन्हा घरमालकावर दाखल होतो. ‘एजंट म्हणाला मी करतो’ हा बचाव टिकत नाही.

भाडेकराराची नोंदणी ही वेगळी जबाबदारी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. चूक झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ हा समज इथे चालत नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सलाही नोंदणी लागते. नुसता नोटरी केलेला करार अर्जाला जोडला, तर घरमालक आपलीच दुसरी चूक स्वतःच्या सहीने पोलिसांच्या फायलीत ठेवतो.

हद्द: पहिली चूक इथेच

माहिती द्यायची ती भाड्याने दिलेले घर ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत आहे तिथे. मालक कुठे राहतो याला महत्त्व नाही. ठाणे परिसरात हे वाटते तितके सरळ नाही, कारण जिल्ह्याची, महापालिकेची आणि पोलीस आयुक्तालयाची सीमा एकच नाही. ऐरोली ठाणे जिल्ह्यात असली तरी पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई आयुक्तालयात येते. खारघर, कामोठे, कळंबोली रायगड जिल्ह्यात, पण तेही नवी मुंबई आयुक्तालयातच. घोडबंदर रस्त्याने ठाण्याची हद्द ओलांडून मिरा-भाईंदरमध्ये शिरले, की २०२० मध्ये सुरू झालेले मिरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय लागते. करारावर ‘जिल्हा ठाणे’ वाचून ठाणे पोलिसांच्या संकेतस्थळावर अर्ज शोधणारे म्हणूनच फसतात.

आयुक्तालय बरोबर निघाले तरी पोलीस ठाणे चुकू शकते. रबाळे आणि रबाळे एमआयडीसी ही दोन वेगळी पोलीस ठाणी आहेत. सोसायटीच्या कार्यालयात आधीच्या भाडेकरूची पोच असेल तर तिच्यावरचा शिक्का पाहावा. गूगलच्या नकाशावरचे ‘सर्वांत जवळचे’ ठाणे हद्दीचे असेलच असे नाही.

एक उदाहरण

मालक नौपाड्यात राहतात, त्यांची दोन खोल्यांची सदनिका ऐरोलीत आहे. ऐरोलीच्याच आयटी पार्कमध्ये नोकरी करणारे तिघे तरुण १ जूनपासून अकरा महिन्यांसाठी ती घेत आहेत. करारावर मात्र एकाचेच नाव घालायचे ठरते, कारण बाकी दोघांना नोंदणीसाठी अंगठ्याचा ठसा द्यायला सुट्टी मिळत नाही. अर्ज बिघडायला सुरुवात होते ती इथून. अर्जात तिघे लिहिले तर करारात एकच दिसतो. एकच लिहिला तर उरलेले दोघे पोलिसांच्या दृष्टीने त्या घरात नाहीतच. तिघांनाही करारात परवानाधारक म्हणून घेणे हा सरळ मार्ग. ते जमत नसेल तर करारात ‘सोबत राहणाऱ्या व्यक्ती’ म्हणून दोघांची नावे लिहावीत, आणि पोलिसांना मात्र तिघांची पूर्ण माहिती, छायाचित्रे व ओळखपत्रे द्यावीत.

अर्ज वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे, एका पानाचा असावा. विषयात सदनिकेचा पूर्ण पत्ता यावा: सदनिका क्रमांक, मजला, सोसायटीचे नोंदणीकृत नाव, प्लॉट, सेक्टर, नोड, पिन. नवी मुंबईत सेक्टर व प्लॉट नसलेला पत्ता निम्माच असतो, कारण एकाच नावाच्या इमारती अनेक सेक्टरांत सापडतात. मजकूर साधा पुरतो: ‘मी वरील सदनिकेचा मालक असून ती दि. १ जूनपासून अकरा महिन्यांसाठी नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारान्वये खालील तीन व्यक्तींना राहण्यासाठी दिली आहे. त्यांची माहिती व कागदपत्रे सोबत जोडली आहेत. कृपया नोंद घेऊन पोच मिळावी.’ ‘लिव्ह अँड लायसन्स करारान्वये’ हे शब्द गाळू नयेत. छापील नमुन्यात ‘भाडेकरू’ असतेच, त्याने काही बिघडत नाही, पण आपल्या हाताने लिहिताना कराराचे नाव बरोबर लिहिलेले बरे.

त्याखाली प्रत्येकाचे नाव, वय, मूळ गावचा कायमचा पत्ता, आधीचा राहता पत्ता, मोबाइल, नोकरीचे ठिकाण आणि त्याला ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची नावे व क्रमांक. कायमचा पत्ता हा अर्जाचा कणा आहे. पुढे चौकशी करायची झाली तर ती त्या गावच्या पोलीस ठाण्यामार्फत होते, आणि आधारवर अनेकदा मूळ गाव नसून मागच्या भाड्याच्या घराचा पत्ता असतो. उदाहरणातल्या तिघांपैकी एकाच्या आधारवर पुण्यातल्या खोलीचा पत्ता आहे. अशा वेळी मतदार ओळखपत्र किंवा वाहन परवान्यावर गावचा पत्ता सापडतो का ते पाहावे. पॅनवर पत्ताच नसतो, त्यामुळे एकटे पॅन चालत नाही. कंपनीचे ओळखपत्र जोडावे, पण ते नोकरीपुरते. सरकारी ओळखपत्राची जागा ते घेत नाही.

आधारची झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाकलेली प्रत डाउनलोड करून घेता येते. प्रत्येक झेरॉक्सवर भाडेकरूने सही करून तारीख आणि ‘फक्त पोलीस ठाण्यात माहिती देण्यासाठी’ असे लिहावे, तेही अक्षरे छायाचित्रावरून आडवी जातील असे. कोपऱ्यात लिहिलेली ओळ कापून प्रत दुसरीकडे वापरता येते. करारासोबत नोंदणीचा क्रमांक आणि उभय पक्षांची छायाचित्रे असलेली पाने हवीतच. ती सोडून नुसती अटींची पाने जोडलेली प्रत बिनकामाची.

नोंदणीला चार-पाच दिवस लागतात आणि सामान आधीच आलेले असते, ही नेहमीची अडचण. त्यासाठी माहिती थांबवू नये. किल्ली देण्यापूर्वी किंवा त्याच दिवशी अर्ज द्यावा, त्यात ‘करार नोंदणीसाठी सादर केला आहे, प्रत मिळताच देतो’ असे लिहावे, आणि प्रत आल्यावर पहिल्या पोचेचा संदर्भ देऊन पुरवणी पत्र द्यावे.

पोच

सर्व कागदांचे दोन संच न्यावेत. पोलीस ठाण्यात बारनिशीला किंवा गोपनीय विभागात एक संच ठेवून घेतात आणि दुसऱ्याच्या पहिल्या पानावर शिक्का मारतात. शिक्क्यात ठाण्याचे नाव, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. आवक क्रमांक मिळाला तर उत्तम. तारखेविना नुसता गोल शिक्का असेल तर तिथेच उभे राहून तारीख घालून घ्यावी, कारण पुढे वाद होतो तो ‘कधी कळवले’ यावरच. अर्ज काउंटरवर ठेवून त्याचा मोबाइलने काढलेला फोटो ही पोच नव्हे.

ऑनलाइन पर्याय महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर (citizen.mahapolice.gov.in) आहे. तिथे मालकाने स्वतःचे खाते उघडून भाडेकरूच्या माहितीचा अर्ज भरावा. एजंटच्या खात्यातून आणि त्याच्याच मोबाइल क्रमांकावर भरलेला अर्ज पुढे मालकाला सापडत नाही. एजंटने फोन उचलणे बंद केले की पोच गेलीच समजा. जिल्हा किंवा आयुक्तालय निवडताना वरची हद्दीची गफलत इथेही होते आणि अर्ज भलत्याच ठाण्यात जाऊन पडतो. अर्ज सादर झाल्यावर येणारा क्रमांक आणि पीडीएफ त्याच वेळी जपून ठेवावे. पोलीस ठाण्यात जाणे शक्यच नसेल तर पोच मिळेल अशा बेताने स्पीड पोस्टने पाठवावे.

या पोचेची एक झेरॉक्स सोसायटीला द्यावी. आदर्श उपविधींनुसार सदस्याने घर भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवून कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते. ‘आधी पोलीस एनओसी आणा, मग टेम्पो आत सोडू’ असे फाटकावर सांगणारा सचिव उपविधीत नसलेली गोष्ट मागत असतो.

माणसे बदलली की

वरच्या उदाहरणात चौथ्या महिन्यात एक जण नोकरी बदलून जातो आणि त्याच्या जागी मित्र येतो. भाडे वेळेवर येते, मालकाला काही कळत नाही, आणि पोलिसांच्या नोंदीत मात्र निघून गेलेलाच माणूस राहतो. शेअरिंगमध्ये राहणाऱ्यांत ही चूक सर्वांत जास्त होते. म्हणून करारातच ‘मालकाला लेखी न कळवता सोबतची व्यक्ती बदलणार नाही’ अशी अट घालावी, आणि बदल झाला की नव्याची कागदपत्रे व जुन्याची जाण्याची तारीख एकाच पत्रात द्यावी. कराराचे नूतनीकरण झाले, माणसे तीच असली, तरी नव्या करारासह पुन्हा कळवावे. जुनी पोच जुन्या मुदतीपुरतीच असते. घर रिकामे झाल्यावर चार ओळींचे पत्र देऊन त्याचीही पोच घ्यावी.

भाडेकरू परदेशी नागरिक असेल तर हा अर्ज पुरत नाही. ‘फॉर्म सी’ या नावाने ओळखली जाणारी माहिती परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर (indianfrro.gov.in) तो आल्यापासून २४ तासांच्या आत भरावी लागते. त्यासाठी पासपोर्ट आणि व्हिसाचे तपशील लागतात, आणि ही जबाबदारीही घर देणाऱ्याचीच.