तेल काढताना अमोनिया सुटतो तेव्हा
कोल्ड स्टोरेजचे मालक, मॅनेजर आणि ऑपरेटर यांच्यासाठी

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल आणि मार्केट यार्डाच्या आसपासच्या अमोनिया प्लांटची देखभाल आम्ही करतो. गळतीचा फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तेल काढत होता का?" बऱ्याच वेळा पलीकडून क्षणभर काही ऐकू येत नाही, मग "हो" येतं. पाइप फुटणं, गॅस्केट जाणं, ग्लँड गळणं हेही होतं. पण माणूस व्हॉल्व्हला तोंड लावून बसलेला असतो तो तेल काढतानाच. म्हणून या पत्रकात आम्ही तेवढंच घेतलं आहे.

तेल तिथे येतं कुठून

कॉम्प्रेसरमधून गॅसबरोबर थोडं तेल पुढे जातंच. ऑइल सेपरेटर बरंचसं अडवतो, सगळं नाही. अमोनियात हे तेल फारसं विरघळत नाही. ते द्रव अमोनियापेक्षा जड असल्यामुळे रिसीव्हर, अ‍ॅक्युम्युलेटर, कॉइल अशा प्रत्येक भांड्याच्या तळाशी बसतं. तेल काढण्याचा व्हॉल्व्ह तळाला असतो तो यासाठीच. आता भांड्यातला क्रम डोळ्यांसमोर आणा: खाली तेल, त्याच्यावर द्रव अमोनिया आणि या सगळ्याला वरून दाबणारं प्रेशर. तेल संपलं की पुढच्या क्षणाला त्याच भोकातून अमोनिया येणार.

थंड बाजूला आणखी एक भानगड असते. उणे आठ-दहा अंशाला तेल काकवीसारखं घट्ट होतं आणि त्यात गाळ असतो. व्हॉल्व्ह उघडला तरी काहीच येत नाही. काही न येणारा उघडा व्हॉल्व्ह हीच सगळ्यात धोक्याची अवस्था आहे.

एका ग्राहकाकडे झालेली गोष्ट

गुळाचे रवे ठेवण्याचं कोल्ड स्टोरेज. सक्शन प्रेशर ३० पाउंड, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरमधला अमोनिया साधारण उणे साडेआठ अंशाला. वीस वर्षं काम केलेले ऑपरेटर मामा दुपारी तेल काढायला बसले. खाली बादली, अर्ध्या इंचाचा साधा चाकाचा व्हॉल्व्ह. एक फेरा दिला, काही आलं नाही. दुसरा, तिसरा. शेवटी पूर्ण उघडला. मग तार आणून आत घातली.

गाळाचा बूच सुटला. आधी तेलाची पिचकारी उडाली आणि लगेच पांढरा लोट आला. मामा नंतर म्हणाले, "चाक हाताखालीच हुतं, पर दिसंना. डोळं उघडंचना." चाकाचा व्हॉल्व्ह बंद करायला चार-पाच फेरे लागतात. तेवढा वेळ तिथे कुणी थांबू शकत नाही. ते रांगत बाहेर आले, हे त्यांचं नशीब.

पुढे जे झालं त्यात एकट्या मामांची चूक नव्हती. एक्झॉस्ट फॅनचं बटण प्लांट रूमच्या आत होतं. मास्कचं कपाटही आतच होतं, आणि त्यातल्या कॅनिस्टरची मुदत कधीच संपली होती. मदतनीस पोराने चांगल्या हेतूने पाण्याचा पाइप आणला आणि दारातून जमिनीवरच्या थारोळ्यावर धार सोडली. ढग दुप्पट झाला. द्रव अमोनिया उणे ३३ अंशाला उकळतो, त्याच्या मानाने आपलं नळाचं पाणी म्हणजे चुलीवरचं आधण. शेवटी अग्निशमनचे जवान पाठीवर सिलिंडर बांधून आत गेले आणि त्यांनी तो अर्ध्या इंचाचा व्हॉल्व्ह बंद केला.

तेल काढायची आमची पद्धत

ज्या भांड्याला ऑइल पॉट नाही, त्यातून चालू प्लांटमध्ये तेल काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ऑइल पॉट म्हणजे भांड्याखाली बसवलेलं छोटं भांडं. त्याची एक लाइन सक्शनला जोडलेली असते.

आधी सक्शनची लाइन उघडायची, मग वरच्या भांड्यातून तेल पॉटमध्ये उतरू द्यायचं. उतरलं की वरचा व्हॉल्व्ह घट्ट बंद करायचा. सक्शनची लाइन मात्र उघडीच ठेवायची. तेलाबरोबर आलेला अमोनिया उकळून कॉम्प्रेसरकडे ओढला जातो आणि तोवर पॉटवर बर्फ दिसत राहतो. बर्फ वितळून पॉट हाताला कोमट लागेपर्यंत घाई करायची नाही. कधी तास, कधी दोन तास लागतात. मग सक्शनची लाइन बंद करून दहा मिनिटं गेजकडे बघत बसायचं. काटा चढला तर आत अजून द्रव अमोनिया आहे. लाइन पुन्हा उघडा आणि थांबा. काटा जागेवर राहिला तरच खालचा व्हॉल्व्ह.

हा खालचा व्हॉल्व्ह स्प्रिंगचा असायला हवा. दांडा हाताने धरून ठेवला तरच तो उघडा राहतो, हात सुटला की आपोआप मिटतो. मामांच्या हाताखाली तो असता तर पिचकारी उडाल्यावर दोन सेकंदांत विषय संपला असता. काही ठिकाणी आम्ही हा दांडा तारेने बांधून ठेवलेला पाहिला आहे, 'हात दुखतो' म्हणून. मग तो व्हॉल्व्ह बसवून उपयोग काय?

काम दोघांनी करायचं. दुसरा माणूस दाराशी उभा राहणार. काम करणाऱ्याने रबरी हातमोजे आणि डोळेही गच्च झाकणारा पूर्ण तोंडाचा मास्क घालायचा. तेल येत नसेल तर तार घालायची नाही. व्हॉल्व्ह बंद करा आणि आम्हाला फोन करा.

एक वही मात्र ठेवा. कॉम्प्रेसरमध्ये महिन्यात किती लिटर तेल घातलं आणि खालून किती निघालं ते लिहा. पाच लिटर घातलं आणि एकच निघालं, तर उरलेलं चार लिटर कॉइलमध्ये बसून तुमचं वीजबिल वाढवत आहे.

नाक आणि सेन्सर

"अमोनियाला कशाला सेन्सर, नाक आहे की," असं आम्हाला दर महिन्याला कुणीतरी ऐकवतं. नाक खरंच तीक्ष्ण असतं. काही जणांना ५ पीपीएमलाही वास येतो. पण ते थकतं. रोज त्याच खोलीत असणाऱ्याला हळूहळू वाढणारा वास जाणवेनासा होतो, आणि रात्री दोन वाजता तिथे नाकच नसतं.

तीन आकडे भिंतीवर लिहून ठेवा. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा २५ पीपीएम. ३०० पीपीएमला जीव आणि पळून जाण्याची ताकद धोक्यात येते. ५,००० च्या वर गेलं तर काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. म्हणून सेन्सर २५ ला अलार्म देणारा आणि १५० ला मोठा फॅन स्वतःहून चालू करणारा बसवावा. अमोनियाचा गॅस हवेपेक्षा हलका, म्हणून सेन्सर कॉम्प्रेसरच्या वर, छताजवळ. पण द्रव सुटला की थंड धुकं जमिनीलगत पसरतं. त्यामुळे अ‍ॅक्युम्युलेटरजवळ खालच्या उंचीवर दुसरा सेन्सर असलेला बरा.

हे सेन्सर रासायनिक असतात आणि दोन-तीन वर्षांत संपतात. दर सहा महिन्यांनी मोजलेल्या गॅसवर तपासून घ्या. अमोनियात भिजवलेलं फडकं समोर धरून 'टेस्ट' करू नका, त्या एका हुंगण्यात सेन्सरचं आयुष्य जातं. ग्लँड किंवा फ्लॅंजची बारीक गळती हुडकायला आपली जुनी गंधकाची कांडी चालते, गळतीपाशी पांढरा धूर दाट होतो. ओला फिनॉल्फ्थॅलिनचा कागद गुलाबी होतो, तोही चालेल.

फॅन किती मोठा हवा

समजा प्लांट रूम १० मीटर लांब, ८ रुंद, ५ उंच आहे. म्हणजे ४०० घनमीटर हवा. त्यात फक्त एक किलो, म्हणजे जेमतेम दीड लिटर अमोनिया सांडून त्याचा गॅस झाला, तर तो सुमारे दीड घनमीटर होतो. सगळीकडे सारखा पसरला तर साडेतीन हजार पीपीएमच्या वर. मामांच्या बादलीत यापेक्षा बरंच जास्त आलं होतं.

आपत्कालीन फॅनने तासाला ३० वेळा खोलीची हवा बदलावी, असं धरतात. या खोलीसाठी तो तासाला १२,००० घनमीटरचा होतो, म्हणजे अंदाजे ७,००० सीएफएम. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर एवढा फॅन त्या एका किलोला साधारण दहा मिनिटांत २५ च्या खाली आणतो. कोपऱ्यांत थोडा जास्त वेळ लागतो. २,००० घनमीटरच्या फॅनला त्याच कामाला तास लागतो. तुमच्या फॅनची पाटी वाचून हिशेब करा.

फॅन वर आणि हवा आत येण्याची जाळी समोरच्या भिंतीत खाली. जाळीपुढे रिकामी पोती रचून ठेवू नका (हसू नका, आम्ही हे सात ठिकाणी पाहिलं आहे). अमोनिया साधारण १५ ते २८ टक्के असला तर पेटू शकतो, म्हणून मोटर ठिणगी न पडणारी घ्या. आणि बटण दाराबाहेर.

सुटलाच तर

माणसं आधी. वाऱ्याला आडवं निघा, मग वारा जिकडून येतो तिकडे जा. त्यासाठी छतावर वाऱ्याची पिशवी असावी. नसली तर शेजारच्या धुराड्याचा धूर बघा. जमायची जागा दोन ठरवा, कारण पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तसाच असेल असं नाही. गेटवर हजेरी घ्या, हमालांसह.

गळती प्लांट रूममध्ये असेल तर बाहेरच्या इमर्जन्सी बटणाने प्लांट बंद, फॅन चालू. गळती कोल्ड रूममधल्या कॉइलला असेल तर वेगळं: रिसीव्हरकडून जाणारी लिक्विड लाइन बंद करा आणि प्लांट रूम सुरक्षित असेल तर कॉम्प्रेसर चालू ठेवा. तो उरलेला अमोनिया ओढून घेतो आणि गळतीचा जोर उतरतो.

कॅनिस्टरचा मास्क पळून बाहेर येण्यासाठी आहे, ३०० पीपीएमपर्यंत. ढगात शिरून व्हॉल्व्ह बंद करायला सिलिंडरवाला श्वसनसंच लागतो आणि तो वापरायचं शिक्षण घेतलेली दोन माणसं. ती तुमच्याकडे नसतील तर कुणीही आत जायचं नाही. १०१ किंवा ११२ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात 'अमोनिया' हा शब्द सांगा. पाणी मारायचं ते फवाऱ्याने, हवेतल्या ढगावर. थारोळ्यावर नाही.

अंगावर उडाला तर लगेच भरपूर पाणी, डोळ्यांना किमान १५ मिनिटं, पापण्या बोटांनी उघड्या धरून. कपडा कातडीला गोठून चिकटला असेल तर ओढू नका, पाण्याने सुटू द्या. मलम, हळद, तूप काही लावू नका. श्वासातून गेला असेल आणि माणूस 'बरं वाटतंय' म्हणत असेल, तरी १०८ बोलवून दवाखान्यात न्या. फुप्फुसात पाणी काही तासांनी भरू शकतं. मामाही अर्ध्या तासात चहा मागत होते. रात्री त्यांना ऑक्सिजन लावावा लागला, चौथ्या दिवशी घरी आले. आता त्यांच्या प्लांटवर स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आहे आणि फॅनचं बटण दाराबाहेर. तेल काढताना दाराशी उभं राहायचं काम ते स्वतः करतात.