टीव्हीवर अक्षरं बारीक दिसतायत: रेझोल्यूशन कमी करायचं की स्केल वाढवायचं?

कॉम्प्युटर हॉलमधल्या टीव्हीला जोडला आणि सोफ्यावर जाऊन बसलं की पहिली तक्रार एकच, काही वाचता येत नाही. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये गेलं की एकाखाली एक दोन पर्याय दिसतात, Scale आणि Display resolution. गंमत अशी की दोन्हीपैकी कुठलंही हलवलं तरी अक्षरं मोठी होतात, त्यामुळे दोन्ही एकच काम करतात असं समजून बहुतेक जण जे आधी हाताला लागेल ते बदलून मोकळे होतात. आणि बऱ्याचदा हाताला लागतं रेझोल्यूशन. मग अक्षरं मोठी होतात खरी पण फुगलेली, धुरकट, आणि बिचाऱ्या टीव्हीला शिव्या बसतात.

फरक नीट बघू. रेझोल्यूशन म्हणजे कॉम्प्युटर टीव्हीकडे चित्र पाठवताना ते एकूण किती ठिपक्यांचं पाठवतो. ४के टीव्हीच्या पॅनेलवर आडवे ३८४० आणि उभे २१६० ठिपके असतात, आणि ते काही केलं तरी बदलत नाहीत, काचेमागे बसवलेलेच आहेत ते. तुम्ही रेझोल्यूशन १२८० बाय ७२० केलंत की कॉम्प्युटर छोटं चित्र पाठवतो आणि टीव्ही ते ताणून पूर्ण पॅनेलभर पसरवतो. स्केलमध्ये असं होत नाही. ठिपके पूर्ण ३८४० बाय २१६० च जातात, फक्त कॉम्प्युटर स्वतः प्रत्येक अक्षर, बटण, आयकॉन जास्त ठिपके वापरून मोठं काढतो.

विंडोजमध्ये मेन्यूतलं नेहमीचं अक्षर १०० टक्के स्केलला साधारण १२ ठिपके उंचीच्या मापाचं असतं. ४के ठेवून स्केल ३०० टक्के केलं तर तेच अक्षर ३६ ठिपक्यांत काढलं जातं. उलट स्केल १०० च ठेवून रेझोल्यूशन ७२० वर आणलं तर अक्षर काढलं जातं १२ ठिपक्यांतच, आणि टीव्ही प्रत्येक ठिपक्याच्या जागी तीन बाय तीन भरून ते मोठं दाखवतो. टीव्हीवर टेप लावून मोजलंत तर दोन्हीकडे उंची सारखीच येईल! पण एकात ३६ ठिपक्यांची माहिती आहे आणि दुसऱ्यात १२ ची. इंग्रजी अक्षर १२ ठिपक्यांत कसंबसं चालून जातं, पण मराठीत त्याच उंचीत शिरोरेषा, तिच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार एवढं सगळं बसवायचं असतं, त्यामुळे धुरकटपणा आपल्याला आधी जाणवतो. र्थि आणि र्थी मधला फरक शोधायला सोफ्यावरून उठावं लागलं तर समजा की रेझोल्यूशन कमी झालेलं आहे.

आता स्केल नेमकं किती ठेवायचं हे अंतरावर ठरतं, आणि इथे टीव्हीचे इंच फसवतात. ५५ इंची टीव्ही साधारण १२२ सेंटीमीटर रुंद असतो. सोफा त्याच्यापासून २७० सेंटीमीटरवर म्हणजे जेमतेम नऊ फुटांवर आहे असं धरा. टेबलावरचा स्क्रीन आपण साधारण ६० सेंटीमीटरवरून बघतो. मग १२२ ला ६० ने गुणायचं आणि २७० ने भागायचं, उत्तर येतं २७ सेंटीमीटर. म्हणजे सोफ्यावरून तो भलामोठा ५५ इंची टीव्ही डोळ्याला तेवढाच दिसतो जेवढा समोर ठेवलेला २७ सेंटीमीटर रुंदीचा, म्हणजे १२ इंची लॅपटॉप. मोठा स्क्रीन आहे म्हणून भरपूर जागा मिळेल, चार खिडक्या शेजारी शेजारी उघडू, ही अपेक्षा इथेच सोडून द्यावी हे बरं.

पण हिशोब हातात आला की स्केल आपोआप सुटतं. १२-१३ इंची लॅपटॉपवर लोक साधारण १२८० बाय ७२० एवढी कामाची जागा राहील असंच स्केल ठेवतात, आणि ४के ला ३०० टक्के केलं की नेमकी तेवढीच जागा उरते. म्हणूनच विंडोज ४के टीव्ही ओळखला की बऱ्याचदा स्वतःहून ३०० टक्के सुचवतं. हे बघून कुणाला वाटतं काहीतरी गडबड आहे आणि ते लगेच १५० वर आणतात, नका आणू, तो आकडा सोफ्यासाठीच आहे. तेच ४३ इंची टीव्ही असेल तर रुंदी साधारण ९५ सेंटीमीटर, त्याच सोफ्यावरून तो २१ सेंटीमीटरचा, म्हणजे जवळपास टॅब्लेटएवढा दिसणार. मग ३५० लागेल, कदाचित ४००. पण ४०० ला कामाची जागा ९६० बाय ५४० एवढीच राहते, आणि काही प्रोग्रामच्या खिडक्या एवढ्या उंचीत मावतच नाहीत, खालचं ओके बटण स्क्रीनच्या बाहेर जातं. असं व्हायला लागलं की सेटिंगशी खेळणं थांबवा आणि खुर्ची पुढे ओढा, दुसरा उपाय नाही.

मग रेझोल्यूशन कमी करणं कायम चूकच का, तर नाही. साधारण चांगल्या नजरेचा डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारीक तपशील वेगळा ओळखतो, २७० सेंटीमीटरवर तो येतो जवळपास ०.८ मिलिमीटर. ५५ इंची टीव्हीवर ४के चा ठिपका ०.३२ मिलिमीटरचा, १०८० चा ०.६३ आणि ७२० चा ०.९५. म्हणजे ७२० चे ठिपके सोफ्यावरून पकडले जातात, १०८० चे अगदी काठावर सुटतात. त्यामुळे १९२० बाय १०८० आणि स्केल १५० टक्के अशी जोडी सोफ्यावरून ४के-३०० च्या बरीच जवळ जाते, आकार तोच, स्पष्टपणा थोडासा कमी. याचा उपयोग होतो जुन्या कॉम्प्युटरला. त्याचं एचडीएमआय १.४ असेल तर ४के सेकंदाला ३० फ्रेमच्या वर जात नाही, आणि मग माउसचा बाण अडखळत, ओढल्यासारखा चालतो. अशा वेळी १०८० ला ६० फ्रेम घ्यावेत आणि स्केल १५० ठेवावं, माझं मत तरी हेच, कारण अडखळणारा बाण दिवसभर खुपतो आणि तेवढासा स्पष्टपणा कमी झालेला दहा मिनिटांत विसरायला होतो.

लॅपटॉप जोडणाऱ्यांची आणखी एक फसगत होते ती डुप्लिकेटमुळे. लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हीवर एकच चित्र ठेवलं की दोघांना एकच रेझोल्यूशन आणि एकच स्केल वाटून घ्यावं लागतं, आणि मग स्केल कितीही नीट लावा, लॅपटॉपला बरं ते टीव्हीला नाही. विंडोजचं बटण आणि पी दाबून फक्त दुसरा स्क्रीन किंवा एक्स्टेंड निवडा, मग टीव्हीचं स्केल वेगळं लावता येतं आणि ते लक्षातही राहतं.

आणि एवढं सगळं बरोबर करूनही अक्षरं घाण दिसत असतील तर दोष दोन्हीकडे नसून टीव्हीच्या सेटिंगमध्ये असतो. ओळखायचं कसं? टास्कबारची किंवा बाजूची कड कापली जात असेल तर तो ओव्हरस्कॅन, टीव्हीतच स्क्रीन फिट किंवा जस्ट स्कॅन अशा नावाने तो बंद करायचा पर्याय असतो, त्यासाठी रेझोल्यूशनला हात लावू नका. काळं-पांढरं अक्षर ठीक पण काळ्या किंवा निळ्यावरचं लाल अक्षर पसरल्यासारखं दिसत असेल तर टीव्ही रंगाची माहिती अर्धवट घेतोय, सिनेमाला ते खपतं, अक्षरांना नाही. त्या एचडीएमआय इनपुटचं नाव किंवा प्रकार पीसी करा, बऱ्याच टीव्हींवर तेवढ्याने जातं. आणि फक्त एखादाच जुना प्रोग्राम धुरकट आणि बाकी सगळं स्वच्छ असेल तर तो प्रोग्रामच स्केल समजत नाही, विंडोज त्याचं चित्र ताणून दाखवतंय, बाकीच्या सेटिंगला त्यापायी धक्का लावायची गरज नाही.

राहिला सोफ्यावरून हे सगळं चालवायचा वायरलेस कीबोर्ड. स्केल एकदा लावलं की ते रोज बदलायचं नसतं, लांबलचक लेख वाचायचा असेल तर ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि प्लस दाबून तेवढीच साइट मोठी करायची, कंट्रोल आणि शून्याने परत मूळ. कुठे फोटोतलं बारीक अक्षर वाचायचं असेल तर विंडोज बटण आणि प्लस दाबलं की भिंग उघडतं. यासाठीच मांडीवर मावेल असा, टचपॅड जोडलेला कीबोर्ड सोफ्यावर बरा पडतो, कारण उशीवर माउस काही चालत नाही.

कीबोर्डचीही एक तक्रार दोन वेगळ्या आजारांतून येते. टाइप करताना अक्षरं गळत असतील किंवा एकच अक्षर दोनतीनदा उमटत असेल तर संशय कीबोर्डच्या वायरलेस सिग्नलवर घ्या. कीबोर्डचा छोटा यूएसबी रिसीव्हर टीव्हीच्या मागे कॉम्प्युटरच्या मागच्या पोर्टात खुपसलेला असतो, मध्ये पॅनेलचा पत्रा, आणि शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क असेल तर तिचा आणि केबलचा गोंगाट त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. छोटी यूएसबी एक्स्टेन्शन केबल घेऊन रिसीव्हर टीव्हीच्या पुढच्या कडेला, सोफ्याला दिसेल असा आणून ठेवा, बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. पण सगळी अक्षरं बरोबर येतायत, एकही गळत नाही, फक्त बोट उचलल्यावर जराशाने उमटतात असं असेल, तर कीबोर्डचे सेल बदलून काही होणार नाही. तो उशीर टीव्ही चित्र गुळगुळीत करायला घेतो त्या वेळाचा आहे. गेम मोड चालू करून बघा, माउसचा बाणही त्याच क्षणी हलका झाला तर कीबोर्ड निर्दोष होता.