झिरो स्टँडर्ड आणि मातीविना ब्लँक: स्फुरदाच्या हिशोबात कोणता कुठे वजा करायचा

माती परीक्षणाच्या टेबलावर ‘ब्लँक’ म्हटलं की दोनपैकी कोणताही फ्लास्क पुढे केला जातो. दोन्हींत माती नसते, दोन्ही जवळजवळ रंगहीन दिसतात आणि नोंदवहीत दोन्हींसमोर नुसतं ‘ब्लँक’ लिहिलेलं असतं. पण उपलब्ध स्फुरदाच्या हिशोबात त्यांची कामं वेगळी आहेत, आणि नमुना पातळ करायची वेळ आली की त्यांचं वागणंही वेगळं असतं.

आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींसाठी वापरतात ती ऑल्सेनची पद्धत घेऊ. २.५ ग्रॅम माती, ८.५ सामूचं ०.५ मोलर सोडियम बायकार्बोनेट ५० मिली, चिमूटभर चारकोल, अर्धा तास शेकरवर, मग गाळणी. या अर्कातले ५ मिली २५ मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्यायचे, आम्ल थेंबाथेंबाने घालून फेस बसू द्यायचा, मॉलिब्डेट आणि ॲस्कॉर्बिक आम्लाचं मिश्रण घालून खुणेपर्यंत पाणी भरायचं. निळा रंग पूर्ण चढला की ८८२ नॅनोमीटरवर रीडिंग.

झिरो स्टँडर्ड रंगाच्या फ्लास्कमध्येच जन्मतो. त्यात ५ मिली ताजं बायकार्बोनेट, आम्ल, रंगाचं मिश्रण आणि पाणी असतं. स्फुरदाचं द्रावण तेवढं नसतं. बाकीच्या स्टँडर्डमध्येही ५ मिली बायकार्बोनेट घालायचंच. त्यामुळे रसायनांचा आणि पाण्याचा स्वतःचा जो काही निळेपणा असेल तो झिरो स्टँडर्ड दाखवतो. मातीविना ब्लँक मात्र शेकरच्या बाटलीपासून सुरू होतो: माती सोडून सगळं तेच, तोच चारकोल, तोच गाळणकागद, तोच अर्धा तास. चारकोलमधून, कागदातून किंवा फॉस्फेटवाल्या साबणाने धुतलेल्या बाटलीतून सुटलेला स्फुरद त्यात येतो.

आता आकडे. समजा यंत्र डिस्टिल्ड पाण्यावर शून्य केलं, ० ते ०.८ पीपीएम स्टँडर्ड लावले आणि एक्सेलने रेषा दिली:

```
y = 0.70x + 0.012
```

शेवटचा ०.०१२ म्हणजेच झिरो स्टँडर्ड. रीडिंगमधून तो वजा करून ०.७० ने भागलं की रंगाच्या फ्लास्कमधला स्फुरद मिळतो. म्हणजे रेषा वापरली त्याच क्षणी झिरो स्टँडर्ड वजा झाला. यंत्र पाण्याऐवजी झिरो स्टँडर्डवरच शून्य केलं असेल तर हा आकडा जवळपास शून्य येईल, तेव्हा वजा करण्यासारखं काही उरत नाही.

मातीविना ब्लँकचं रीडिंग ०.०४० आलं. ०.०१२ गेले, ०.०२८ भागिले ०.७०, म्हणजे फ्लास्कमध्ये ०.०४ पीपीएम. ५ चे २५ मिली केले होते, म्हणून पाचपट: अर्कात ०.२० पीपीएम. एका नमुन्याचं रीडिंग ०.११०. त्याच वाटेने फ्लास्कमध्ये ०.१४, अर्कात ०.७० पीपीएम. आता ब्लँक वजा: ०.७० − ०.२० = ०.५०. २.५ ग्रॅमला ५० मिली, म्हणून २० पट: मातीत किलोमागे १० मिलिग्रॅम स्फुरद. त्याला २.२४ ने गुणलं की हेक्टरी २२.४ किलो.

ब्लँक विसरला असता तर हेच ३१.४ किलो आले असते. १० ते २५ किलो मध्यम हा प्रचलित निकष धरला, तर मध्यम जमीन कागदावर भरपूर स्फुरदाची ठरली असती आणि शेतकऱ्याला खत कमी करायचा सल्ला गेला असता. पाचपट आणि वीसपट मिळून शंभरपट होतं, हे मनात पक्कं ठेवावं. रीडिंगमध्ये ०.०१० चा फरक पडला की हेक्टरी ३.२ किलोचा फरक पडतो. पांढऱ्या कागदासमोर धरल्यावर ब्लँकच्या फ्लास्कला जी पुसटशी निळी झाक दिसते, ती एवढी महाग असते.

सर्रास होणारी चूक उलट्या दिशेची आहे. ०.११० मधून आधी ०.०४० वजा करायचे आणि उरलेले ०.०७० वरच्या समीकरणात टाकायचे. ०.०४० च्या पोटात ०.०१२ आधीच होते. समीकरण ते पुन्हा वजा करतं. उत्तर २२.४ ऐवजी १८.६ किलो येतं. आकडा पटण्यासारखा दिसतो, म्हणून कोणी शंका घेत नाही. माझ्या मते रीडिंगमधून रीडिंग वजा करायची सवयच सोडावी. ब्लँकलाही नमुन्यासारखाच रेषेतून न्यावा आणि अर्काच्या पातळीवर वजा करावा.

या सवयीचं खरं मोल पातळ करताना कळतं. वर्षानुवर्षं कोंबडीखत पडलेल्या वाफ्याचा नमुना घ्या. ५ मिलीला रीडिंग ०.७१२ आलं, तर वरच्या ०.८ पीपीएम स्टँडर्डचं रीडिंग ०.५७२ आहे. रेषेबाहेरचं रीडिंग धरू नये. तयार निळं द्रावणही पाण्याने वाढवू नये. तसं केलं तर रसायनांची झाकही पातळ होते आणि ०.०१२ लागू राहत नाही. अर्कच कमी घ्यावा: १ मिली अर्क आणि ४ मिली ताजं बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाची गरज तीच राहते आणि झिरो स्टँडर्डही तोच चालतो.

रीडिंग ०.१५२, फ्लास्कमध्ये ०.२० पीपीएम. १ चे २५ केले, म्हणून अर्कात ५.० पीपीएम. त्यातून ब्लँकचे ०.२० वजा, ४.८, गुणिले २०: किलोमागे ९६ मिलिग्रॅम. हाच ब्लँक फ्लास्कच्या पातळीवर वजा केला तर ०.२० − ०.०४ = ०.१६, गुणिले २५ म्हणजे ४.०, आणि उत्तर ८० येतं. कारण सरळ आहे. चारकोलचा स्फुरद अर्कात मिसळलेला असतो. अर्क १ मिली घेतला तर तोही पाचव्या हिश्शानेच आला, पण आपण पूर्ण पाच मिलीचा कापला. रसायनांची झाक मात्र अर्क कितीही घ्या, प्रत्येक फ्लास्कमध्ये तेवढीच असते.

दोन्ही ब्लँक शेजारी असले की दोष कुठे आहे तेही कळतं. झिरो स्टँडर्ड वाढला असेल तर पाणी, बायकार्बोनेट किंवा रंगाचं मिश्रण तपासा. झिरो जागेवर आहे आणि मातीविना ब्लँक चढलाय, तर आधी चारकोलकडे बघा. नवा डबा उघडला की चारकोलसह आणि चारकोलविना असे दोन ब्लँक शेकरवर लावा, उत्तर त्याच दिवशी मिळतं.

वजाबाकीने सगळं भागत नाही, हेही सांगायला हवं. ०.२० वजा करताना आपण धरून चालतो की प्रत्येक बाटलीत चारकोल सारखाच पडला. चमच्याच्या अंदाजाने टाकला असेल तर स्फुरद कमी असलेल्या नमुन्यांचे आकडे वरखाली होतात, कधी उणेही येतात. शिवाय चारकोलमधून सुटलेल्या स्फुरदातला काही भाग माती स्वतःच धरून ठेवू शकते, आणि मातीविना बाटलीत ते घडत नाही. म्हणून ब्लँक ०.०४० पर्यंत चढलेला दिसला की त्या दिवशीचे नमुने वजाबाकी करून पुढे ढकलण्यापेक्षा मी चारकोल सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने आणि नंतर बायकार्बोनेटने धुऊन, त्याचा ब्लँक झिरो स्टँडर्डजवळ आला की मगच नमुने पुन्हा लावते.