‘अहिंसा परमो धर्मः’च्या पुढची ओळ

“गीतेतला श्लोक अर्धाच शिकवला म्हणे आपल्याला, पुढं ‘धर्महिंसा तथैव च’ आहे, हा फोटो खराय का?”

नाही. गीतेच्या ७०० श्लोकांत ‘अहिंसा’ शब्द चारदा येतो (१०.५, १३.७, १६.२, १७.१४), पण ‘अहिंसा परमो धर्मः’ हे वाक्य तिथं कुठंच नाहीये.

ते आहे महाभारतात, आदिपर्वात. होणाऱ्या बायकोला, प्रमद्वरेला, साप चावला म्हणून रुरु नावाचा ब्राह्मण दिसेल तो साप मारत सुटलेला, त्यात एक बिनविषारी डुंडुभ त्याला म्हणतो, ‘अहिंसा परमो धर्मः सर्वप्राणभृतां स्मृतः’ आणि लगेच पुढं, म्हणून ब्राह्मणानं कुठल्याच प्राण्याला मारू नये. अनुशासनपर्वात भीष्म मांस न खाण्याबद्दल सांगतात तिथंही आहे, पुढची ओळ ‘तथाहिंसा परो दमः’. ‘धर्महिंसा’ दोन्हीकडं नाही.

गंमत म्हणजे फोटोवाल्यांना हवा तो मुद्दा, म्हणजे धर्मासाठी हिंसाही चालते, खऱ्या श्लोकाशेजारीच सापडला असता, कारण तोच डुंडुभ रुरुला सांगतो की दंड धरणं, उग्रपणा, प्रजेचं रक्षण हा क्षत्रियाचा धर्म, तुझा नाही.

पडताळायचं तर पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत आदिपर्व, अध्याय ११ काढा. फोटोवर अध्यायाचा नंबरच नसतो, तिथंच शंका यायला हवी होती खरंतर.