सपोर्ट बॉटची मेमरी: अख्खं चॅट ठेवायचं की वेचलेल्या नोंदी

कस्टमर सपोर्टचा बॉट बनवताना हा प्रश्न कधी ना कधी येतोच. गिऱ्हाईक आज बोलून गेलं, पंधरा दिवसांनी परत आलं, तर बॉटला आधीचं काय आठवायला हवं आणि ते कुठल्या रूपात साठवायचं? एक रस्ता म्हणजे झालेलं चॅट जसंच्या तसं ठेवायचं, ज्याला कच्ची ट्रान्सक्रिप्ट म्हणतात. दुसरा रस्ता म्हणजे चॅट संपल्यावर बॉटमागच्या एआय मॉडेलकडून त्यातल्या कामाच्या गोष्टी काढून घ्यायच्या आणि त्या छोट्या छोट्या नोंदी, म्हणजे फॅक्ट्स, म्हणून ठेवायच्या. बहुतेक टीम याला साठवणुकीचा आणि खर्चाचा प्रश्न समजतात, पण डिस्कवर टेक्स्ट ठेवायला तसा काही खर्च येत नाही. खरा फरक हा की "काय बोलणं झालं होतं" याचं उत्तर ट्रान्सक्रिप्ट देते आणि "आत्ता काय खरं आहे" याचं उत्तर नोंद देते, आणि सपोर्टमध्ये दोन्ही प्रश्न येतात, बऱ्याचदा एकाच वाक्यात.

पैसे लागतात ते वाचायला. मॉडेल स्वतःहून काही लक्षात ठेवत नाही, दर मेसेजला त्याच्यासमोर सगळा मजकूर नव्याने ठेवावा लागतो आणि बिल टोकनवर, म्हणजे मॉडेल मजकुराचे जे छोटे तुकडे पाडतं त्यांच्यावर, येतं. समजा एका चॅटचे २००० टोकन झाले आणि गिऱ्हाइकाची अशी दहा जुनी चॅट आहेत, तर ती सगळी घातली की प्रत्येक उत्तरामागे २०,००० टोकन नुसते इतिहासाचे, आणि मराठी चॅट असेल तर बऱ्याच टोकनायझरमध्ये देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, म्हणजे आकडा आणखी वर. तेच वीसेक नोंदी असतील तर काही शे टोकनात भागतं. शिवाय लांबलचक मजकुराच्या मधोमध असलेली गोष्ट मॉडेलच्या नजरेतून सुटू शकते, हे २०२३ पासून अभ्यासातून दिसलेलं आहे. म्हणून ट्रान्सक्रिप्टवाले लोक सगळं चॅट घालत नाहीत, मजकुराच्या अर्थाचे आकडे, म्हणजे एम्बेडिंग, काढून प्रश्नाशी जुळणारे तुकडेच शोधून आणतात. पण "हो चालेल", "नको, आधीचंच बरं" अशा मेसेजचा तुकडा शोधात सापडणार तरी कसा, त्यात शोधण्यासारखा शब्दच नसतो! आणि नेमके तेच मेसेज सपोर्टमध्ये निर्णायक असतात.

एक उदाहरण

वॉटर प्युरिफायर विकणाऱ्या कंपनीचा बॉट आहे असं धरू. सोमवारी, १६ जून २०२५ ला एक बाई लिहितात, "मशीन परत गळतंय, तुमचा माणूस दोनदा येऊन गेला. शनिवारपर्यंत नवीन मशीन द्या, नाही दिलं तर मग पैसे परत करा. आणि आम्ही आता नाशिकला नाही, ठाण्यात आलोय." बॉट म्हणतो, विनंती नोंदवली. नंतर त्या लिहितात, "मागच्या वेळी तुमच्या साहेबांनी पुढची सर्व्हिस फ्री सांगितली होती."

आता यातून बेफिकिरीने काढलेल्या नोंदी अशा दिसतात: ग्राहकाला रिफंड हवा आहे, ग्राहक ठाण्यात राहतो, पुढची सर्व्हिस फ्री आहे. तीनपैकी एकच नोंद धड आहे. पहिलीत अट गळाली, त्यामुळे गुरुवारी त्या बाई नुसत्या चौकशीला आल्या तर बॉट रिफंडचा फॉर्म पुढे करेल आणि नवीन मशीनची ऑर्डर रद्द व्हायची वेळ येईल. तिसरीत दावा आणि वस्तुस्थिती यांची गल्लत झाली. ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण पुढच्या चॅटमध्ये बॉट स्वतःच छातीठोकपणे "तुमची सर्व्हिस फ्री आहे" म्हणतो आणि मग ते कंपनीचं वचन होऊन बसतं. असं होतं हे कळलं की काही हुशार गिऱ्हाइकं त्याचा फायदाही घेतात.

दुसरी नोंद बरोबर असली तरी मेमरीत "नाशिकला राहतात" ही जुनी नोंद तशीच पडलेली असते, शोधात दोन्ही वर येतात आणि टेक्निशियन कुठे जाईल ते देवालाच ठाऊक. नवीन नोंद टाकताना जुनी शोधून तिच्यावर "या तारखेपासून लागू नाही" असा शिक्का मारावा लागतो. पुसायची मात्र नाही, कारण नाशिकच्या पत्त्यावर झालेल्या जुन्या सर्व्हिसचा वाद उद्या निघू शकतो.

नीट काढलेली नोंद साधारण अशी असते:

```json
{
  "fact": "21 जूनपर्यंत नवीन मशीन मिळालं नाही तरच रिफंड हवा",
  "kind": "request",
  "said_by": "customer",
  "said_on": "2025-06-16",
  "deadline": "2025-06-21",
  "source": "chat_8841#msg_12"
}
```

यात "शनिवार"ची तारीख करून ठेवलीय हे महत्त्वाचं, कारण तीन आठवड्यांनी वाचताना "शनिवारपर्यंत" या नोंदीला काही अर्थच उरत नाही. `said_by` मुळे दावा हा दावाच राहतो. आणि `source` ही ओळ सगळ्यात कामाची, ती थेट मूळ मेसेजकडे नेते, म्हणजे रिफंड, वॉरंटी, दिलेलं वचन असा विषय निघाला की बॉटने नोंदीवर विसंबायचं नाही, तो मेसेज आणि त्याच्या आगेमागचे दोन-चार उघडून वाचायचे आणि मगच बोलायचं.

मग निवड कशी करायची

लाँगमेमइव्हल नावाची दीर्घ मेमरीची चाचणी २०२४ मध्ये आली, तिच्यातही असंच काहीसं दिसलं: मूळ संवाद काढून टाकून फक्त नोंदी ठेवल्या की एकूण उत्तरं घसरतात, पण मूळ संवाद तसाच ठेवून नोंदी त्याला शोधखुणा म्हणून जोडल्या की शोध सुधारतो. म्हणून ज्यांनी हे काम चालवलंय ते सहसा नोंदी वर आणि ट्रान्सक्रिप्ट खाली अशीच मांडणी करतात. अजून एक कारण आहे. नोंदी काढायचा प्रॉम्प्ट पहिल्या फटक्यात कधीच बरोबर जमत नाही, महिन्याभराने कळतं की अटी गळतायत, आणि तेव्हा ट्रान्सक्रिप्ट हातात असेल तर सगळ्या नोंदी नव्याने काढता येतात, नसेल तर गेलेलं गेलंच. गळती होतेय की नाही हे कळायला शंभरेक नोंदी उचलून त्यांच्या मूळ मेसेजशेजारी ठेवून माणसाने वाचायच्या, अट सुटली का, "नको"चं "हवं" झालं का, बोललं कोण, एवढंच बघायचं. कंटाळवाणं काम आहे पण याला दुसरा पर्याय नाही.

ऑर्डर कुठवर आली, वॉरंटी कधी संपते, पैसे जमा झाले का, या गोष्टी मात्र दोन्हीकडे ठेवायच्या नाहीत. त्या कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतात आणि दर वेळी तिथूनच विचारायच्या, मेमरीत टाकल्या की संध्याकाळपर्यंत शिळ्या. आपल्याकडे आणखी एक भानगड म्हणजे एकाच मोबाईल नंबरवरून आई, मुलगा, सून सगळे बोलतात, त्यामुळे नंबरला ग्राहक समजलं की मुलाच्या ऑफिसचा पत्ता आईच्या नोंदीत जातो. नोंद शक्यतो त्या मशीनच्या किंवा ऑर्डरच्या नावाने ठेवली की ही सरमिसळ बरीच कमी होते.

ट्रान्सक्रिप्ट ठेवायची म्हणजे जबाबदारीही येते, लोक चॅटमध्ये कार्ड नंबर, ओटीपी, घरातल्या आजारपणाची गोष्ट, काहीही लिहून टाकतात, तेव्हा साठवण्याआधीच ते झाकावं लागतं आणि चॅट किती दिवस ठेवायचं याची मुदत ठरवावी लागते. भारताच्या २०२३ च्या डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायद्यात माहिती दुरुस्त करून घ्यायचा आणि पुसायला सांगायचा हक्क आहे, युरोपच्या जीडीपीआरमध्येही तो आहे. गंमत अशी की बऱ्याच ठिकाणी चॅट पुसलं जातं पण त्यातून काढलेल्या नोंदी आणि एम्बेडिंग तसेच मागे राहतात आणि बॉट पुढच्या वेळी आरामात म्हणतो, "ठाण्याच्याच पत्त्यावर पाठवू ना?" प्रत्येक नोंदीत `source` असेल तर chat_8841 पुसताना त्यातून निघालेलं सगळं एका क्वेरीत सापडतं. मुदत संपून चॅट गेलं आणि नोंद कायदेशीर कारणाने ठेवावी लागली, तर निदान मूळ मेसेजचं ते एक वाक्य नोंदीतच उतरवून ठेवतात, नाहीतर वाद निघाल्यावर दाखवायला काही हातात राहत नाही.